कारखान्याचे वैधानिक दप्तर : सूचना, नोंदवह्या आणि विवरणपत्रे

कारखान्याच्या भोगवटादाराने कोणत्या नोंदवह्या ठेवाव्यात, कोणत्या सूचना लावाव्यात आणि कोणती विवरणपत्रे कोणाकडे रवाना करावीत, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या परीक्षोपयोगी पुस्तकांतून लांबलचक याद्यांच्या रूपाने दिलेले असते, आणि त्या याद्या इतक्या निर्जीव असतात की त्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतील प्रत्येक बाब सुटी आणि केवळ सरकारी आग्रहातून उपजलेली वाटावी, यात नवल नाही. वस्तुतः या दप्तराची रचना एकसंध आहे. सूचना हे काम होण्यापूर्वी भोगवटादाराने दिलेले जाहीर वचन होय. नोंदवही ही काम होत असताना लिहिली गेलेली साक्ष होय. आणि विवरणपत्र ही काम होऊन गेल्यानंतर सरकारदरबारी रुजू केलेली कैफियत होय. कारखाने निरीक्षक एखाद्या कारखान्यात वर्षाकाठी फार तर काही तास उभा राहू शकतो. उरलेल्या सगळ्या दिवसांत तेथे काय घडले, हे त्याने या तीन कागदांच्या परस्पर मेळावरून ताडावयाचे असते. हा मेळ कसा घातला जातो आणि तो कोठे तुटतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम कायद्याची चौकट सांगणे अवश्य आहे. कारखाने अधिनियम १९४८ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. अधिनियमाने कर्तव्ये सांगितली, आणि नमुने, मुदती व तपशील ठरविण्याचे काम राज्य सरकारांच्या नियमांवर सोपविले. आपल्याकडे ते काम महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांनी केले. म्हणूनच नमुन्यांचे क्रमांक राज्याराज्यांत भिन्न असतात, आणि ज्या विद्यार्थ्याने केवळ क्रमांक पाठ केले त्याचे ज्ञान राज्याची सीमा ओलांडताच निरुपयोगी होते. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आणण्यात आली. तिच्यातही मालकाने नोंदवह्या ठेवणे, सूचना लावणे आणि विवरणपत्रे धाडणे ही त्रिविध जबाबदारी कायम आहे, आणि नव्या नियमांची घडी बसेपर्यंत संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम चालू राहावेत अशी व्यवस्था आहे. मी पुढे जी कलमे व जे आकडे देणार आहे ते १९४८ च्या केंद्रीय अधिनियमाच्या मूळ पाठातील आहेत. राज्यांनी केलेल्या दुरुस्त्यांनी आणि नव्या संहितेने त्यांतील काही आकडे बदलले आहेत, परंतु या दप्तराची मूळ युक्ती समजण्यासाठी त्या अधिनियमाहून उत्तम पाठ्यग्रंथ नाही.

या युक्तीचा उगम शोधू गेल्यास मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावे लागते. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने मुख्यतः मुलांच्या कामाचे नियमन केले; प्रौढ कामगाराचा दिवस कोठे सुरू व्हावा आणि कोठे संपावा याविषयी तो मूक होता. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. त्यातील मागण्या पाहाव्यात : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, ठरावीक तारखेच्या आत पगार, आणि अपघातात जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन. साप्ताहिक सुट्टीची मागणी १८९० च्या जूनमध्ये पदरात पडली. आज ज्याला आपण कामाच्या वेळांची सूचना, साप्ताहिक सुट्टीची सूचना, अपघाताची नोंदवही म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांचे बीज या अर्जात आहे. कारण हक्क मिळाला तरी तो पाळला गेला की नाही हे सांगणारा कागद नसेल, तर तो हक्क फिरकीवर सूत चढते तोवरच टिकतो, हे त्या काळच्या कामगारांनी अनुभवाने ओळखले होते.

आता भोगवटादार म्हणजे कोण, हे एका परिच्छेदात संपवू. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण असते तो भोगवटादार. १९८७ च्या दुरुस्तीने कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकी कोणी तरी एकच भोगवटादार मानला जाईल असे ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात ही तरतूद उचलून धरली, त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याला अगर कर्मचाऱ्याला भोगवटादार नेमून संचालक मंडळाने आपली मान सोडवून घेण्याची वाट बंद झाली. हा भोगवटादार जागेचा वापर कारखाना म्हणून सुरू करण्यापूर्वी किमान १५ दिवस कलम ७ खाली मुख्य निरीक्षकाला लेखी सूचना देतो. तीत जागा, मालक, उत्पादन-प्रक्रियेचे स्वरूप, एकूण अश्वशक्ती, व्यवस्थापकाचे नाव, अपेक्षित कामगारसंख्या हे सारे येते. वर्षातून १८० दिवसांहून कमी चालणारा हंगामी कारखाना पुन्हा सुरू होताना ही मुदत ३० दिवसांची होते. नवा व्यवस्थापक रुजू झाल्यास ७ दिवसांत कळवावे लागते, आणि व्यवस्थापकाची जागा रिक्त असेल त्या काळात जो प्रत्यक्ष त्याचे काम पाहील तो, आणि तसा कोणीच नसेल तर स्वतः भोगवटादार, व्यवस्थापक समजला जातो. म्हणजे दप्तराची जबाबदारी एक क्षणही निराधार राहू नये, अशी ही तरतूद आहे.

दप्तराचा गाभा मात्र कलम ६१, ६२ आणि ६३ यांत आहे, आणि माझ्या मते ही तीन कलमे नीट समजलेल्या विद्यार्थ्याला उरलेला भाग आपोआप सुचत जातो. कलम ६१ म्हणते की प्रौढ कामगारांच्या कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावलेली असली पाहिजे आणि ती बिनचूक ठेवली पाहिजे. तीत दर्शविलेल्या वेळा आगाऊ ठरलेल्या असाव्यात, आणि सगळे कामगार एकाच वेळी काम करीत नसतील तर कामाच्या स्वरूपानुसार त्यांचे गट पाडून, पाळ्या असतील तर पाळीवार, प्रत्येक गटाच्या वेळा लिहाव्यात. सूचनेच्या दोन प्रती निरीक्षकाकडे जातात. वेळांत बदल करावयाचा असेल तर तो अमलात आणण्यापूर्वी पुन्हा दोन प्रतींत कळवावा लागतो, आणि निरीक्षकाची पूर्वसंमती असल्यावाचून मागील बदलापासून एक आठवडा उलटेपर्यंत नवा बदल करता येत नाही. या शेवटच्या अटीचे मर्म सहज ध्यानात येत नाही. ती नसती तर सोमवारी एक, मंगळवारी दुसरी अशी सूचना बदलून प्रत्येक अनियमित दिवसाला मागाहून नियमाचे रूप देता आले असते, आणि आगाऊ वचन या कल्पनेतच काही अर्थ उरला नसता.

कलम ६२ प्रौढ कामगारांच्या नोंदवहीचे आहे. तीत कामगाराचे नाव, कामाचे स्वरूप, तो कोणत्या गटात आणि कोणत्या पाळीत आहे, हे लिहावयाचे असते. आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर, ज्याचे नाव व तपशील या नोंदवहीत चढलेले नाहीत त्या प्रौढाला कारखान्यात काम करूच द्यावयाचे नाही, असा निर्बंध आहे. नवा माणूस सकाळी यंत्रावर उभा राहावयाचा आणि नाव संध्याकाळी, कित्येक ठिकाणी महिनाअखेर, चढावयाचे, ही पद्धत या निर्बंधाने बेकायदा ठरविली. कारखान्यात नित्याचा हजेरीपट, म्हणजे कामगारांच्या बोलीतला मस्टर, जर हे सारे तपशील देत असेल तर निरीक्षक लेखी हुकुमाने तोच या नोंदवहीच्या जागी चालवून घेऊ शकतो. ही सवलत फार उपयुक्त आहे, कारण एकच गोष्ट दोन वह्यांत लिहिण्याची सक्ती झाली की दोहोंत तफावत पडते, आणि ती तफावत पुष्कळदा लबाडीची नसून केवळ दमलेल्या टाइमकीपरची असते.

कलम ६३ या दोन कागदांना एकत्र बांधते : सूचनेत लिहिल्याप्रमाणे आणि नोंदवहीत त्या कामगारासमोर आगाऊ केलेल्या नोंदीप्रमाणे जे काम असेल त्याव्यतिरिक्त कोणत्याही प्रौढाला काम करू देता येत नाही. याला कलम १०३ ची जोड दिली की ही रचना पुरी होते. काम चालू असताना किंवा यंत्रे फिरत असताना, जेवणाच्या अगर विश्रांतीच्या सुट्ट्या वगळून, जो माणूस कारखान्यात आढळेल तो तेथे कामावर होता असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणजे निरीक्षकाला त्या माणसाची नेमणूक शाबीत करावयाची नसते. तो कामावर नव्हता हे शाबीत करण्याचा भार कारखान्यावर पडतो.

एक काल्पनिक प्रकरण घेऊन हे सारे पडताळून पाहू. लेथ आणि मिलिंग यंत्रांचा, साठ कामगारांचा एक कारखाना आहे. दारालगतच्या फलकावर सूचना आहे : गट ‘अ’, सकाळी ८ ते १२.३०, दुपारी १ ते ४.३०, साप्ताहिक सुट्टी रविवार. तपासून पाहता ही सूचना निर्दोष आहे. सलग काम साडेचार तासांचे, म्हणजे कलम ५५ च्या पाच तासांच्या मर्यादेत. विश्रांती अर्ध्या तासाची. दिवसाचे काम आठ तास, म्हणजे कलम ५४ च्या नऊ तासांच्या आत. आठवड्याचे अठ्ठेचाळीस, म्हणजे कलम ५१ च्या मर्यादेला नेमके टेकलेले. आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा साडेआठ तास, म्हणजे कलम ५६ च्या साडेदहा तासांहून कमी. आता एका मंगळवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी निरीक्षक आत येतो. तीन लेथ चालू आहेत आणि प्रत्येकावर एक माणूस आहे. निरीक्षक प्रथम नावे विचारतो, नंतर घड्याळ पाहून वेळ टिपतो आणि मगच मस्टर मागतो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मस्टर आधी मागितले तर नावे चढविण्यास अवधी मिळतो. मस्टरमध्ये पहिल्या दोघांच्या हजेरीची खूण आहे आणि जाण्याची वेळ ४.३० लिहून ठेवलेली आहे. तिसऱ्याचे नाव कोठेच नाही.

पहिल्या दोघांच्या बाबतीत कलम ६३ चा भंग झालेला आहे, कारण त्यांच्या गटाची वेळ ४.३० ला संपली होती. व्यवस्थापक म्हणतो की ते ओव्हरटाइमवर होते. या उत्तराची परीक्षा लगेच होते. ज्या सवलतीखाली जादा काम चालू आहे ती कोणती, हे त्याला दाखवावे लागते, आणि जादा कामाच्या नोंदवहीत त्या दिवसाची नोंद दाखवावी लागते. नोंदवहीत शेवटची नोंद गेल्या महिन्यातली निघाली, तर ओव्हरटाइमचा बचाव बचाव न राहता नव्या आरोपाचे मूळ होतो : काम घेतले, पण त्याचा दुप्पट दर चुकविला. तिसऱ्याच्या बाबतीत कलम ६२ च्या निर्बंधाचा भंग आहे, आणि तो केवळ कोणाला भेटावयास आला होता असे म्हणावयाचे तर कलम १०३ मुळे ते सिद्ध करण्याची जबाबदारी कारखान्याची आहे. चालत्या लेथवर उभ्या असलेल्या माणसाविषयी ते सिद्ध करणे दुर्घट आहे.

याच प्रकरणातून परीक्षकांचा एक आवडता प्रश्न निघतो. पहिला कामगार साडेपाचपर्यंत थांबला असे धरले, आणि त्याचा साधारण दर तासाला १०० रुपये असेल, तर त्याला किती जादा वेतन मिळेल? बहुतेक विद्यार्थी आठ तासांच्या पुढचा एक तास म्हणून सरळ २०० रुपये लिहितात. कलम ५९ मात्र म्हणते की दिवसात नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम झाले तरच दुप्पट दर लागू होतो. त्या मंगळवारचे काम नेमके नऊ तासांचे झाले, म्हणजे दिवसाच्या कसोटीने जादा काही नाही. आठवड्याची कसोटी लावली तर उरलेले पाच दिवस तो आठ-आठ तास आला असल्यास एकंदर एकोणपन्नास तास होतात, एक तास जादा ठरतो आणि २०० रुपये देणे लागतात. परंतु त्याच आठवड्यात तो एक दिवस रजेवर असला तर एकूण एक्केचाळीस तासच भरतात आणि दुप्पट दराचा प्रश्नच उद्भवत नाही. एका दिवसाच्या नोंदीवरून उत्तर देता येत नाही, पूर्ण आठवडा उघडावा लागतो. आणि म्हणूनच हजेरीपट, जादा कामाची नोंदवही आणि वेतनपट हे तिन्ही एकमेकांसमोर ठेवून वाचावे लागतात. साधारण दर काढताना मूळ वेतनात भत्ते धरावयाचे, बोनस व जादा कामाचे वेतन धरावयाचे नाही, एवढे जोडून दिले की उत्तर पूर्ण होते.

अपघाताच्या दप्तराकडे वळताना मला थोडे अधिक थांबावेसे वाटते, कारण येथे चुकलेली नोंद माणसाच्या शरीराशी निगडित असते. कलम ८८ नुसार ज्या अपघातात मृत्यू येतो, किंवा ज्यामुळे जखमी माणूस अपघातानंतर लगेचचे ४८ तास अगर अधिक काळ काम करण्यास असमर्थ होतो, त्याची सूचना व्यवस्थापकाने तत्काळ धाडावयाची असते. मृत्यू झाला असेल तर सूचना मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत चौकशी व्हावयाची असते. कलम ८८-अ प्रमाणे नियमांत नमूद केलेले स्फोट, कोसळणे यांसारखे धोकादायक प्रसंग, कोणाला इजा झालेली असो वा नसो, तितकेच कळविण्याजोगे ठरतात. कलम ८९ खाली तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे शिसे, सिलिका धूळ इत्यादींपासून होणारा आजार आढळला तर व्यवस्थापकाने सूचना धाडावयाचीच, पण रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही मुख्य निरीक्षकाला अहवाल देण्याचे बंधन आहे. या दुहेरी योजनेचा हेतू स्पष्ट आहे : कारखान्याने मौन पाळले तरी दवाखान्याने बोलावे.

आता ४८ तास मोजावयाचे कसे? समजा शुक्रवारी दुपारी तीन वाजता एका कामगाराच्या तळहातावर पत्रा उतरला आणि टाके घालावे लागले. शनिवारी तो आला नाही, रविवार सुट्टीचा, सोमवारी सकाळी तो हजर झाला. व्यवस्थापक म्हणतो की त्याचा एकच दिवस बुडाला, त्यामुळे सूचनेचे कारण नाही. परंतु कलमाचे शब्द पाहता प्रश्न बुडालेल्या दिवसांचा नसून काम करण्याच्या असमर्थतेचा आहे. शुक्रवार तीनपासून रविवार तीनपर्यंत तो हात चालवू शकत नव्हता, तर मधला रविवार सुट्टीचा होता एवढ्याने ते तास गळत नाहीत. ज्या कारखान्यांना अपघातांची संख्या कमी दाखवावयाची असते तेथे याहून वाईट युक्ती योजली जाते : जखमी माणसाला शनिवारी मस्टरवर हजर दाखवून फाटकाजवळ बसवून ठेवतात. ही बनवाबनवी उघडकीला येते ती दुसऱ्या दप्तरावरून. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली अपघाताचा अहवाल वेगळा जातो, कामगाराला मिळालेल्या तात्पुरत्या अपंगत्वाच्या लाभाचे दिवस तेथे लिहिलेले असतात, आणि जो माणूस विमा दप्तरात आजारी आहे तोच हजेरीपटात हजर आढळला की दोहोंपैकी एक कागद खोटा आहे हे सांगावयास पंचाची गरज राहत नाही.

यंत्रे आणि इमारत यांच्याशी संबंधित नोंदवह्या संख्येने अधिक असल्या तरी त्यांचे तत्त्व सोपे आहे, म्हणून त्यांच्यावर फार वेळ खर्चण्याचे कारण नाही. उद्वाहनांची, म्हणजे लिफ्ट व हॉइस्ट यांची, सक्षम व्यक्तीकडून सहा महिन्यांतून एकदा तपासणी व्हावयाची, उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून एकदा, आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावयाची. चालू यंत्राजवळ वंगण घालण्याचे, पट्टा बसविण्याचे काम विशेष शिक्षण मिळालेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावयाचे, आणि त्याचे नाव त्यासाठी ठेवलेल्या नोंदवहीत असले पाहिजे. एखाद्याची बोटे पट्ट्यात सापडल्यावर निरीक्षक पहिली वही मागतो ती हीच. भिंतींना चुना लावण्याचीही नोंद लागते : चौदा महिन्यांतून किमान एकदा सफेदी आणि तिची तारीख ठरावीक नोंदवहीत. परीक्षेत ‘चौदा’ हा आकडा वारंवार विचारला जातो, आणि विद्यार्थी तो वर्षाच्या सवयीने ‘बारा’ असा लिहून गुण गमावतात.

सूचनांपैकी कलम १०८ ची सूचना स्वतंत्र विचार करण्याजोगी आहे. अधिनियमाचा व नियमांचा सारांश, तसेच निरीक्षक व प्रमाणक शल्यचिकित्सक यांची नावे व पत्ते, हे मुख्य प्रवेशद्वाराजवळ सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी, स्वच्छ व सुवाच्य स्थितीत लावावयाचे असतात, आणि भाषा दोन : इंग्रजी, आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा. महाराष्ट्रातल्या कारखान्याने मराठी फलक लावला की कर्तव्य संपले, ही समजूत कायद्याला धरून नाही. जेथे बहुसंख्य कामगार हिंदी अगर ओडिया जाणणारे आहेत तेथे बहुसंख्य कामगारांना समजेल ती भाषा लागते, आणि दर काही वर्षांनी कामगारवर्गाची जडणघडण बदलली तर फलकाचीही भाषा बदलावी लागते. मराठी वाचकाला हे मानवणे कदाचित जड जाईल. पण फलक कामगारासाठी आहे, राज्यासाठी नव्हे, हे मान्य केले की दुसरा निष्कर्ष निघत नाही.

उरली विवरणपत्रे. कलम ११० खाली राज्य सरकार नियतकालिक अगर प्रासंगिक विवरणपत्रे मागवू शकते, आणि नियमांनुसार कॅलेंडर वर्षाचे वार्षिक विवरणपत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. त्यातला पहिलाच महत्त्वाचा आकडा दररोजच्या सरासरी कामगारसंख्येचा असतो, आणि तोच सर्वांत अधिक वेळा चुकतो. पटावरील नावे मोजून तो मिळत नाही. वर्षभरातील सर्व हजेऱ्यांची बेरीज घ्यावयाची आणि कारखाना प्रत्यक्ष चालला त्या दिवसांनी भागावयाचे. आपल्या साठ कामगारांच्या कारखान्यात वर्षाच्या हजेऱ्या १७,९४० आणि कामाचे दिवस २९९ असतील तर सरासरी बरोबर ६० येते. हजेऱ्यांना ३६५ ने भागणारा लिपिक ४९ लिहून मोकळा होतो आणि अकरा माणसे कागदावरून नाहीशी होतात. याचा परिणाम एका कारखान्यापुरता राहत नाही. अशा विवरणपत्रांवरूनच केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोकडे कारखान्यांची व अपघातांची आकडेवारी संकलित होते. अपघातांचे प्रमाण काढताना छेदस्थानी कामगारांची संख्या असते, आणि ती चुकली की सुरक्षिततेविषयीचा निष्कर्षही चुकतो.

शिक्षांविषयी थोडक्यात. कलम ९२ च्या सर्वसाधारण तरतुदीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि दोषसिद्धीनंतरही भंग चालू राहिला तर दर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंड. निरीक्षकाने मागितलेली नोंदवही हजर न करणे हा कलम ९५ खाली निराळा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिर्याद निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल झाली पाहिजे.

आता काही नमुना प्रश्न देतो. उत्तराची दिशाही सोबत दाखवितो, कारण नुसत्या प्रश्नांची यादी विद्यार्थ्याच्या हाती देणे अर्धवट ठरेल.

प्रश्न पहिला : ‘कामाच्या वेळांची सूचना आणि प्रौढ कामगारांची नोंदवही यांचा परस्परसंबंध सांगून त्यांचा पुराव्याच्या दृष्टीने उपयोग विशद करा.’ येथे ६१ व ६२ यांचे तपशील निम्म्या उत्तरात आटोपावेत. खरे गुण ६३ आणि १०३ यांच्या जोडीला आहेत, आणि १०३ चे गृहीतक जेवणाच्या सुट्टीत लागू होत नाही हा अपवाद लिहिणारा परीक्षार्थी थोडक्यांत गणला जातो.

प्रश्न दुसरा : ‘एका प्रौढ कामगाराने २०२३ या वर्षात २३१ दिवस प्रत्यक्ष काम केले आणि मागील वर्षी मिळविलेली १२ दिवसांची रजा उपभोगली. पुढील वर्षी त्याला १९४८ च्या अधिनियमाप्रमाणे किती दिवस भरपगारी रजा मिळेल?’ कलम ७९ ची पात्रता २४० दिवसांची आहे. पात्रता मोजताना उपभोगलेली रजा कामाचे दिवस म्हणून धरली जाते, म्हणून २३१ आणि १२ मिळून २४३ होतात आणि तो पात्र ठरतो. परंतु रजा मिळते ती प्रत्यक्ष कामाच्या दर २० दिवसांना एक दिवस या दराने. त्या १२ दिवसांवर रजा चढत नाही. २३१ ला २० ने भागता ११.५५ येतात, अर्धा अगर त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण दिवस धरावयाचा असल्याने उत्तर १२ दिवस. २४३ ला भागणाऱ्याचेही उत्तर १२ च येते, पण रीत चुकलेली असते, आणि जागरूक परीक्षक रीतच तपासतो. रजेच्या नोंदवहीत प्रत्यक्ष कामाचे दिवस आणि मानीव कामाचे दिवस यांचे रकाने वेगळे का असतात, याचे कारण हेच.

प्रश्न तिसरा : ‘शुक्रवारी जखमी झालेला कामगार सोमवारी कामावर परतला; अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे काय?’ वर केलेले विवेचन येथे लागू करावे, आणि ‘असमर्थता’ व ‘गैरहजेरी’ यांतील भेद पहिल्याच वाक्यात सांगावा.

प्रश्न चौथा मला सर्वांत कसोटीचा वाटतो : ‘टाइमकीपरने भोगवटादाराच्या नकळत जादा कामाच्या खोट्या नोंदी केल्या. भोगवटादार दायित्वातून मुक्त होऊ शकतो काय?’ उत्तर कलम १०१ मध्ये आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. भोगवटादाराने प्रथम ज्याला तो खरा गुन्हेगार म्हणतो त्याच्याविरुद्ध फिर्याद करावी लागते आणि आपला हेतू फिर्यादी पक्षाला किमान तीन पूर्ण दिवस आधी लेखी कळवावा लागतो. मग गुन्हा शाबीत झाल्यावर त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी आपण योग्य दक्षता घेतली होती, आणि टाइमकीपरने तो गुन्हा आपल्या माहितीवाचून, संमतीवाचून व संगनमतावाचून केला. केवळ ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे पुरत नाही. दक्षतेचा पुरावा म्हणजे महिन्याकाठी हजेरीपट, जादा कामाची नोंदवही आणि वेतनपट एकमेकांशी ताडून पाहिल्याची त्याच्या सहीची नोंद; ती नसेल तर दायित्व टाइमकीपरपाशी न थांबता भोगवटादाराकडे परत येते.